मृगाआधीचा आराखडा

परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रकल्प अहवाल वाचले, तर बहुतेकांत विपणनाच्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: ‘सोशल मीडियाद्वारे उत्पादनांची प्रसिद्धी करण्यात येईल.’ केंद्राची दहा हजार उत्पादक संस्थांची योजना 2020 मध्ये आली, राज्याचे प्रकल्प होतेच, आणि प्रत्येक प्रकल्पाला अहवाल लागतो; त्यामुळे हे वाक्य एका अहवालातून दुसऱ्यात फिरत राहिलं. प्रसिद्धी कोण करणार, कुणासाठी, कोणत्या महिन्यात आणि ती झाली की नाही हे कुणी तपासायचं, यातलं काहीच त्यात नाही. ही पुस्तिका त्या एका वाक्याच्या जागी काय लिहायचं, एवढ्यापुरती आहे.

पुढच्या पानांवर कोरे तक्ते आहेत. कोरे तक्ते फसवे असतात. ‘उद्दिष्ट’ असं लिहिलेल्या चौकटीत माणूस काहीतरी भरतोच, आणि भरलं की काम झालं असं वाटतं. म्हणून प्रस्तावनेत मी एकाच कंपनीचा आराखडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून दाखवणार आहे. कंपनी कल्पित आहे आणि तिचे आकडेही उदाहरणापुरते आहेत, पण तिची परिस्थिती जिल्ह्यातल्या कुणाही संचालकाला ओळखीची वाटेल. सेलू तालुक्यातली कंपनी, साधारण चारशे सभासद. सोयाबीनचं बियाणं तयार करून विकते, आणि सभासदांच्या तुरीची डाळ करून विकते. एक मुख्य कार्यकारी अधिकारी, एक हिशेबनीस, गोदामावर दोन माणसं. फेसबुकचं पान आहे, ते हिशेबनीस चालवतो. वेळ मिळाला तर.

पहिला प्रश्न आराखड्याचं वर्ष कधी सुरू करायचं हा आहे. बहुतेक जण एक एप्रिल धरतात, कारण हिशेबाचं वर्ष तेच. आपल्या कंपनीसाठी ते चूक ठरतं. सोयाबीनचं बियाणं विकलं जातं ते अक्षय तृतीयेच्या आसपासपासून मृगापर्यंत. तूर निघते पौष-माघात, डाळ तयार होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि शहरातली घरं वर्षाची बेगमी करतात ती होळीनंतर. एक एप्रिलला आराखडा लिहायला बसलं, तर डाळीचा निम्मा हंगाम हातून गेलेला असतो. उलट जानेवारीच्या शेवटी दोन गोष्टी पक्क्या कळलेल्या असतात: ऑक्टोबरात काढलेल्या सोयाबीनमधून प्रक्रिया होऊन किती बियाणं गोदामात आहे, आणि सभासदांकडून तूर साधारण किती येणार. विकायला काय आणि किती आहे हे ठाऊक नसताना प्रसिद्धीचा आराखडा लिहिता येत नाही. म्हणून या कंपनीचं वर्ष एक फेब्रुवारी ते एकतीस जानेवारी. तुमची कंपनी हळद विकत असेल किंवा दूध, तर तुमचं वर्ष वेगळ्या तारखेला सुरू होईल.

आता उद्दिष्टाकडे. संचालकांच्या बैठकीत पहिल्यांदा जे सुचतं ते असं: पानाला पाच हजार फॉलोअर करायचे. याला मी हरकत घेतो. आकडा मोठा म्हणून नव्हे, तर तो कंपनीच्या कुठल्याच वहीत नोंदवला जात नाही म्हणून. आराखड्यातलं उद्दिष्ट पावतीपुस्तकातून किंवा गोदामाच्या नोंदवहीतून तपासता आलं पाहिजे. आपल्या कंपनीने गेल्या वर्षी तीस-तीस किलोच्या नऊशे पिशव्या बियाणं विकलं. सोयाबीनला एकरी साधारण तीस किलो बियाणं लागतं, म्हणजे एक पिशवी एका एकराची. यातला बराच भाग सभासदांनीच नेला. यंदा गोदामात बाराशे पिशव्या आहेत. सभासद आठशे नेतील असा अंदाज आहे. सभासदांना सोशल मीडियाची गरज नाही. त्यांना फोन पुरतो. उरलेल्या चारशे पिशव्या सभासद नसलेल्या शेतकऱ्यांना विकायच्या आहेत. सोशल मीडियाचं बियाण्याबाबतचं उद्दिष्ट एवढंच: चारशे पिशव्या.

हा आकडा तसाच सोडून चालत नाही, तो उलटा मोजत मागे न्यावा लागतो. बाहेरचा शेतकरी सरासरी चार पिशव्या नेतो असं धरलं, तर शंभर गिऱ्हाइकं हवीत. चौकशी करणाऱ्या तिघांतला एक प्रत्यक्ष विकत घेतो असं धरलं, तर तीनशे चौकशा. हंगाम सहा आठवड्यांचा, म्हणजे आठवड्याला पन्नास, दिवसाला सात. एवढं कागदावर आल्यावर खरा प्रश्न पुढे येतो: दिवसाला सात माणसांना नीट उत्तर द्यायला कंपनीत कोण मोकळं आहे? वाण कोणता, उगवणशक्ती किती, भाव काय, गाडी येईल का, उधारी मिळेल का, असे पाच प्रश्न प्रत्येक जण विचारणार. एका चौकशीला दहा मिनिटं धरली तर दिवसाचा तासाहून थोडा जास्त वेळ. हे हिशेबनीस करू शकतो. दिवसाला चाळीस चौकशांचं उद्दिष्ट ठेवलं असतं तर तो करू शकला नसता, आणि उत्तर न मिळालेली तेहतीस माणसं शेजारच्या दुकानात गेली असती. तीनात एक हे प्रमाण पहिल्या वर्षी अंदाजाचंच असणार. तसं आराखड्यात स्पष्ट लिहावं, म्हणजे वर्षअखेर ते तपासलं जातं.

डाळीचं गणित वेगळं आहे. चार टन डाळ थेट घरांना विकायची, म्हणजे वर्षाला वीस किलो घेणारी दोनशे घरं. ही घरं सेलूत नाहीत. ती पुण्यात आहेत. मराठवाड्यातून नोकरीसाठी गेलेली माणसं तिथे मोठ्या संख्येने राहतात आणि गावाकडच्या डाळीची चव त्यांना सांगावी लागत नाही. पण वीस किलोचं एकेक पार्सल पाठवायला गेलं तर वाहतूक नफा खाऊन टाकते. म्हणून डाळीचं उद्दिष्ट ‘दोनशे घरं’ असं न लिहिता ‘दहा सोसायट्या, प्रत्येकी वीस घरं’ असं लिहायचं. एका सोसायटीची एकत्र मागणी, एक गाडी, एका दिवशी वाटप. उद्दिष्ट असं लिहिल्यावर प्रसिद्धी कुणाकडे करायची हेही बदलतं: दोनशे घरांना गाठण्याऐवजी दहा माणसं शोधायची, जी आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर चार शब्द टाकतील आणि मागणी गोळा करतील.

दोन्ही उद्दिष्टं कागदावर शेजारी ठेवली की एक अडचण दिसते. बेगमीचा हंगाम मार्च ते मे, बियाण्याचा एप्रिलअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. मे महिन्यात दोन्ही एकमेकांवर येतात, आणि उत्तर देणारा माणूस एकच. इथे आराखड्याने निर्णय घ्यायचा असतो. आपल्या कंपनीने ठरवलं: डाळीची मागणी 20 एप्रिलला बंद. त्यानंतर डाळीची एकही पोस्ट नाही, गोदामात डाळ शिल्लक असली तरी नाही. ती व्यापाऱ्याला जाईल. हा निर्णय बैठकीत कुणालाच आवडत नाही. तरी तो जानेवारीत, शांतपणे घेतलेला बरा. मे महिन्यात फोन वाजत असताना तो घेतला जात नाही, आपोआप होतो, आणि बहुधा दोन्हीकडचं नुकसान करून होतो. माझ्या मते अशा आराखड्याची किंमत त्यातल्या ‘हे करणार नाही’ या वाक्यांवरून ठरते.

कोणासाठी बोलायचं, हे उद्दिष्टातूनच अर्धं ठरलेलं आहे. पण ‘शेतकरी’ हा शब्द एक गट म्हणून वापरू नये. सेलू, मानवत, जिंतूर या तालुक्यांतला तीन ते दहा एकरवाला, जो दरवर्षी निम्मं बियाणं घरचं वापरतो आणि निम्मं विकत घेतो, तो एक. त्याला भीती असते ती न उगवण्याची. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडाभर झाल्या, पंचनामे झाले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते वर्ष या माणसाच्या लक्षात आहे. त्याला ‘दर्जेदार बियाणे’ हे शब्द दाखवून काही उपयोग नाही. त्याला गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवलेले आणि त्यातले किती उगवले हे मोजून दाखवावं लागतं. प्रमाणीकरणाच्या निकषानुसार सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के लागते. आपल्या लॉटची 78 असेल तर 78 लिहावी, तपासणीची तारीख लिहावी, लॉट नंबर लिहावा, आणि बियाणं प्रमाणित आहे की सत्यतादर्शक तेही लिहावं. पिशवीच्या लेबलवर जे आहे तेच पोस्टमध्ये, त्याहून एक शब्द जास्त नाही. ‘एकरी पंधरा क्विंटल हमखास’ असं उत्साहात लिहिणारे पुष्कळ आहेत. बियाणं विकायला 1983 च्या नियंत्रण आदेशाखालचा परवाना लागतो आणि लेबल 1966 च्या बियाणे कायद्यात येतं. मोबाइलवर लिहिलेली हमी ही उद्या तक्रारीला जोडायचा कागद होते, एवढं भान ठेवावं.

दुसरा वाचक पुण्यातला. त्याला लॉट नंबर नको आहे. डाळ कधी केली, पॉलिश केली आहे का, किती दिवसांत येईल, पैसे आधी की नंतर, हे त्याचे प्रश्न. एकाच पानावर सकाळी उगवणशक्ती आणि संध्याकाळी वरण-भात दिसला की दोघांनाही ते पान आपलं वाटत नाही. आपल्या कंपनीने म्हणून फेसबुकचं पान आणि यूट्यूब शेतकऱ्यांसाठी ठेवलं, आणि डाळीसाठी फक्त व्हॉट्सॲप बिझनेसचा वेगळा नंबर, त्यावरच्या कॅटलॉगसह. इन्स्टाग्राम यंदा नाही, असं आराखड्यात लिहून टाकलं. इन्स्टाग्रामवर दहा सोसायट्यांतली दहा माणसं सापडणार नाहीत असं नाही, पण ती ओळखीतून लवकर सापडतील, आणि रील करायला आठवड्याचे जे चार-पाच तास जातात ते या कंपनीकडे नाहीत.

माध्यमांपैकी व्हॉट्सॲपवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे सगळी मदार त्यावर असते आणि ते नेमकं कसं चालतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ग्रुप, ब्रॉडकास्ट यादी, चॅनेल आणि स्टेटस ही चार वेगळी साधनं आहेत. ग्रुपमध्ये 1024 माणसं बसतात, पण त्यात सगळेच बोलतात. मे महिन्यात तिथे कुणीतरी दुसऱ्या कंपनीचं पत्रक टाकतो आणि उरलेले शुभ सकाळ. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 नंबर घालता येतात आणि निरोप प्रत्येकाला खाजगी आल्यासारखा दिसतो. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला नाही, त्याला तो मिळतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, अडीचशे जणांना कळलं. निरोपावर बोट दाबून माहिती उघडली की किती जणांपर्यंत पोहोचला ते दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. यावर उपाय साधा आहे: पावती देताना गिऱ्हाइकाकडून नंबर तिथल्या तिथे जतन करून घ्यायचा, आणि ‘नंबर जतन केला’ असा एक रकाना नोंदवहीत ठेवायचा. चॅनेल भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आलं. ते एकतर्फी आहे, संख्येची अडचण नाही, पण वाचणाऱ्यांचे नंबर आपल्या हाती लागत नाहीत. या मर्यादा व्हॉट्सॲप अधूनमधून बदलत असतं, म्हणून आराखड्यात त्या तारखेसह लिहाव्यात आणि दर जानेवारीत पुन्हा पाहाव्यात.

स्टेटस हे चौथं साधन सर्वांत दुर्लक्षित. ते चोवीस तासांत पुसलं जातं म्हणून त्याला कुणी आराखड्यात घेत नाही. पण कंपनीच्या स्टेटसपेक्षा सभासदाचं स्टेटस फार मोलाचं. चारशे सभासदांतले साठ जरी आपल्या मोबाइलवर ‘मी गेल्या वर्षी हे बियाणं पेरलं होतं’ असं स्वतःच्या शेताच्या फोटोसह लावणारे निघाले, तर ते ज्यांना दिसतं ते सगळे त्याच शिवारातले, त्याच बाजाराला येणारे. आपल्या कंपनीने आराखड्यात लिहिलं: ऑगस्टमध्ये साठ सभासदांच्या शेतातले फोटो गोळा करायचे, मे महिन्यात ते त्यांना परत पाठवायचे. मे महिन्यात लागणारा फोटो ऑगस्टमध्येच काढावा लागतो. मेमध्ये शेत नांगरून पडलेलं असतं. वार्षिक आराखडा लिहायचा तो अशा गोष्टींसाठी. आठवड्याचं वेळापत्रक करणाऱ्याला ऑगस्टमध्ये मे दिसत नाही.

यूट्यूबचं काम वेगळं. तिथला व्हिडिओ लोक शोधून पाहतात, आणि दर मे-जूनमध्ये तोच प्रश्न पुन्हा शोधतात. म्हणून वर्षात फक्त तीन व्हिडिओ: घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी, पेरणीआधी बीजप्रक्रिया कशी करावी, आणि पेरणी किती पावसावर करावी. तिन्ही एप्रिलच्या मध्यापर्यंत चढलेले हवेत. शीर्षकात शेतकरी जो शब्द बोलतो तोच वापरावा. वाणांची शास्त्रीय माहिती वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून येते, तज्ज्ञांचे व्हिडिओही उपलब्ध असतात; त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांचा दुवा द्यावा. विद्यापीठाचा स्थापना दिवस 18 मे. त्या दिवशी परभणीत खरीप मेळावा भरतो, बियाणं विकलं जातं, आणि जिल्ह्यातला शेतकरी त्या आठवड्यात बियाण्याबद्दलच बोलत असतो. आपल्या वेळापत्रकात ती तारीख मध्यावर ठेवून तिच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे आखावेत. तसंच 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा असतो. ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं विकणाऱ्यांनी ती तारीख धरावी.

एक सावधगिरी माध्यमांच्या भागातच लिहून ठेवावी. टिकटॉकवर 29 जून 2020 ला बंदी आली, आणि ज्यांची सगळी ओळख तिथे होती त्यांची ती एका दिवसात गेली. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच सुमारे सहा तास बंद पडले. दोन्ही घटना आपल्यापासून दूरच्या वाटतात, पण आपल्याकडे त्याहून जवळची एक अडचण असते: पान कुणाच्या तरी पुतण्याने स्वतःच्या नंबरवरून उघडलेलं असतं, आणि तो पुढच्या वर्षी पुण्याला नोकरीला जातो. म्हणून आराखड्याच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक खात्याचा मालक कोण, दुसरा प्रशासक कोण, आणि ते कोणत्या नंबरला जोडलं आहे, हे असावं. तो नंबर कंपनीच्या नावावरचा हवा. आणि गिऱ्हाइकांची यादी, गाव आणि नंबरसह, कंपनीच्या वहीत. मोबाइलच्या पोटात नव्हे. ती यादी गोळा करताना ‘पुढच्या हंगामात निरोप पाठवला तर चालेल का’ हे विचारून तसं नोंदवावं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागचा विचारही संमतीचाच आहे.

चौकशी कुठून आली हे कळलं नाही तर वर्षाअखेर आढावा घ्यायला काहीच उरत नाही. यासाठी पैसे लागत नाहीत. व्हॉट्सॲपचा दुवा असा करता येतो की त्यावर बोट ठेवताच निरोपाच्या जागी आधीच एक शब्द लिहिलेला येतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द द्यायचा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BIYANE-FB
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BIYANE-YT
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BIYANE-SABHASAD
```

पहिला फेसबुकच्या जाहिरातीत, दुसरा यूट्यूबच्या व्हिडिओखाली, तिसरा सभासदांच्या स्टेटसमध्ये. निरोप आला की हिशेबनीस तो शब्द, तारीख, गाव आणि पुढे किती पिशव्या नेल्या ते वहीत लिहितो. याला एक मर्यादा आहे, आणि ती मान्य करूनच आकडे वाचावेत. शेतकरी यूट्यूबवर व्हिडिओ पाहतो, बाजारात शेजाऱ्याला विचारतो आणि थेट गोदामावर येतो. कुठून कळलं विचारलं तर ‘शेजाऱ्यानं सांगितलं’ म्हणतो. म्हणजे वहीत यूट्यूबचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसणार.

आता आढावा. आराखडे मरतात ते इथे. ‘दर तीन महिन्यांनी आढावा घेण्यात येईल’ असं लिहिलं की तो कधीच घेतला जात नाही, कारण बियाण्याच्या कंपनीला तीन महिने ही मुदत काही सांगत नाही. सहा आठवड्यांच्या हंगामात तिमाही आढावा म्हणजे सामना संपल्यावर पंच येणं. आपल्या कंपनीची लय अशी ठरली: एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दर आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटं, कार्यकारी अधिकारी आणि हिशेबनीस, दोघंच. समोर फक्त वही. या आठवड्यात चौकशा किती, पिशव्या किती, गोदामात शिल्लक किती. डाळीच्या हंगामात तसंच, पंधरा दिवसांतून एकदा. बाकी महिन्यांत काही नाही. मोठे आढावे दोन: एक जुलैत, पेरण्या आटोपल्यावर, दुसरा जानेवारीत, नवा आराखडा लिहिण्याआधी. संचालकांसमोर फक्त हे दोन. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते. जुलैच्या आढाव्याचं एक पान तिथे वाचून दाखवता येतं.

वीस मिनिटांच्या बैठकीत चर्चा होऊ नये, म्हणून निर्णय आधी लिहून ठेवायचे. 10 मेपर्यंत शंभर चौकशा झाल्या नाहीत, तर फेसबुकच्या जाहिरातीचे उरलेले पैसे थांबवायचे आणि मानवत-जिंतूरच्या बाजारात दोन दिवस टेबल लावायचं. शिल्लक दीडशे पिशव्यांच्या खाली आली, तर जाहिरात लगेच बंद. नसलेल्या मालाची चौकशी घेणं हे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक घालवणं आहे. पाऊस लांबला तर विक्रीच्या पोस्ट बंद आणि पेरणीची घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे विद्यापीठाचं म्हणणं रोज सांगायचं. यावर एका संचालकाचा आक्षेप ठरलेला असतो: आपणच थांबा म्हटलं तर आपला माल कोण घेणार? पण कमी ओलीत पेरलेलं बियाणं उगवलं नाही की दोष पावसाला लागत नाही, पिशवीवरच्या नावाला लागतो. आणि तक्रार आलीच, तर तिला उत्तर कोण देणार हेही नावासकट लिहिलेलं हवं: चोवीस तासांत फोन, लॉट नंबर आणि पेरणीची तारीख विचारून घेणं, शेतावर जाणं, पानावर उलट वाद नाही आणि टिप्पणी पुसणं तर नाहीच.

समजा, जुलै आला आणि वही उघडली. चौकशा तीनशेऐवजी 260, गिऱ्हाइकं 86, पिशव्या 310. उद्दिष्टापेक्षा नव्वदने कमी. इथवर वाचून ‘पुढच्या वर्षी जाहिरातीचा खर्च वाढवा’ असा ठराव होतो. शब्दवार वाचलं तर वेगळंच दिसतं. फेसबुकमधून 140 चौकशा आल्या, त्यातल्या 17 जणांनी घेतलं. सभासदांच्या स्टेटसमधून 82 आल्या, 48 जणांनी घेतलं. यूट्यूबमधून 38, त्यातले 21. म्हणजे जिथून सर्वांत जास्त चौकशा आल्या तिथून सर्वांत कमी विक्री झाली, आणि त्या 140 जणांना उत्तरं देण्यात हिशेबनिसाचे तेवीस-चोवीस तास गेले. जाहिरातीच्या पैशापेक्षा हे तास महाग. का झालं, ते गावाच्या रकान्यात सापडतं: जाहिरातीचा परीघ मोठा धरला होता, त्यामुळे जालना, बीड, हिंगोलीकडचे लोक विचारत होते. भाव ऐकून ते थांबले नाहीत, चार पिशव्यांसाठी गाडी कोण करणार म्हणून थांबले. गावाचा रकाना नसता, तर ‘फेसबुक चालत नाही’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो चुकला असता. चुकला होता तो परीघ.

तिघांत एक हा अंदाज मात्र जवळजवळ बरोबर निघाला: 260 मध्ये 86. तरीही पुढच्या आराखड्यात तो तसाच लिहायचा नाही, कारण तो तीन अगदी वेगळ्या प्रमाणांची सरासरी आहे. स्टेटससाठी दोनात एक, यूट्यूबसाठीही साधारण तेच, फेसबुकसाठी आठात एक, असं वेगवेगळं धरायचं. मग चारशे पिशव्यांसाठी तीनशे चौकशा लागतच नाहीत. शंभर-सव्वाशे सभासद मे महिन्यात आपापल्या शेताचा फोटो लावायला तयार झाले, तर दोनशे चौकशांत काम भागतं, आणि हिशेबनिसाला मे महिन्यात पावत्या लिहायला वेळ उरतो. हे जुलैत कळलं म्हणून ऑगस्टात साठऐवजी सव्वाशे शेतांचे फोटो काढायला माणूस पाठवता येतो. जानेवारीत कळलं असतं तर एक वर्ष गेलं असतं.

डाळीचा निकाल या प्रस्तावनेत देत नाही. दहा सोसायट्यांचा तक्ता पुस्तिकेच्या शेवटी कोरा ठेवला आहे, आणि त्यात ‘मागणी गोळा करणाऱ्याचं नाव’ हा रकाना पहिला आहे. तो 1 मार्चपर्यंत निम्मा जरी भरला नाही, तर डाळ यंदा व्यापाऱ्याला द्यायची, असं त्याच पानाच्या तळाशी लिहून अध्यक्षांनी आणि कार्यकारी अधिकाऱ्यांनी सही करायची आहे.